ओल्या चुन्यावरचा हात

माझ्या बाबांनी आयुष्यभर पाट्या रंगवल्या. किराणा, सायकल दुरुस्ती, दातांचा दवाखाना, ट्रकच्या मागचा मोर, शाळेच्या भिंतीवरचा पाढा, जे येईल ते. करडीच्या बाजारापासून पवनीपर्यंत त्यांचं अक्षर लांबून ओळखू यायचं. पण पाटीचं नशीब काय असतं? दुकान बदललं की वरून दुसरा रंग. मी बाबांसोबत सायकलवर पुढच्या दांडीवर बसून जायची तेव्हा ते बोट दाखवून सांगायचे, "याच्या खाली माझं काम आहे." मला वाटायचं सगळ्यांच्याच बाबांचं काम असं खाली गाडलेलं असतं.

एकच चित्र त्यांनी पैसे न घेता, आपल्या मनाने काढलं होतं. आमच्या गावच्या विहारात, मूर्तीच्या मागच्या भिंतीवर. बोधिवृक्ष, खाली उभे बुद्ध, एक हात वर, भिऊ नका म्हणणारा, आणि पायाशी कमळं घेऊन आलेल्या बाया. त्या बाया आमच्याच गावच्या, धानाच्या रोवण्याला जाताना खोचतात तसं लुगडं खोचलेल्या. हे चित्र दर पावसाळ्यात पडायचं. गच्चीवरचं पाणी भिंतीत मुरायचं, भिंत फुगायची आणि ऑइलपेंटचे पापुद्रे सुटून यायचे. दिवाळी झाली की बाबा खरवडायचे, भेगांत लांबी भरायचे, पुन्हा रंगवायचे. दर वर्षी चित्र थोडं वेगळं व्हायचं. दर वर्षी बाबा थोडे म्हातारे व्हायचे.

मी आता जवाहरनगरला राहते, नवरा फॅक्टरीत आहे, मी भंडाऱ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. त्या वर्षी पाऊस ओसरता ओसरता विहाराच्या कमिटीची बैठक होती आणि मी माहेरी आलेलीच होते म्हणून जाऊन बसले. कमिटीच्या अध्यक्ष एक रिटायर झालेल्या नर्स. सगळं गाव त्यांना सिस्टरबाई म्हणतं. कडक बाई. त्यांनी सरळ मांडलं, "दर वर्षी हेच. पोपडे पडतेत, लोकाईच्या अंगावर पडतेत. आता तिथं टाइल्स लावू. छापील बुद्ध येते टाइल्सवर, एकदम चकाचक. ओल्या फडक्यानं पुसलं की झालं."

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा मागे दाराजवळ बसले होते. म्हणाले, "लावा ना बाप्पा. मी बी थकलो आता."

इतकंच. भांडण नाही, रुसणं नाही. आणि माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! मी तापट आहे, हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे जाहीर आहे. मला राग सिस्टरबाईंचा नव्हता आला, त्या खोटं काय बोलत होत्या? राग बाबांचा आला. माणसाने आपल्या एकुलत्या एक चित्रावर असं पाणी सोडावं? मी उठून उभी राहिले आणि विचार न करता बोलून गेले, "भिंत मला द्या. न पडणारं चित्र काढून देते. बाबा काढतील, मी काढीन. नाही टिकलं तर खुशाल टाइल्स लावा, मी तोंड नाही उघडणार."

"कोनता रंग लावता? गोल्डवाला पेंट का?" कोणीतरी विचारलं.

"कोणताच पेंट नाही. चुना."

लोक हसले. सिस्टरबाई नाही हसल्या. त्या म्हणाल्या, "माघ पौर्णिमेले कार्यक्रम आहे. तेव्हा मी स्वतः ओलं फडकं घेऊन पुशीन. रंग निघाला का टाइलवाल्याले फोन." मी हो म्हटलं. मागे पाहिलं तर बाबा दारात नव्हते.

आता ही चुन्याची भानगड मला कुठून माहीत? दोन उन्हाळ्यांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरासाठी मी राजस्थानात गेले होते. तिथे घरांच्या बाहेरच्या भिंतींवर, हो, बाहेरच्या, उन्हातान्हात, हत्ती-घोडे-बाया रंगवलेल्या. कित्येक पिढ्यांपूर्वीचं काम. मी बोटाने घासलं, नखाने घासलं. रंग बोटाला लागेना. शिकवणारे गुरुजी म्हणाले, हा रंग भिंतीवर नाही, भिंतीत आहे. मग त्यांनी आम्हाला ते करून दाखवलं आणि आमच्याकडून करवून घेतलं. मी घरी आले ती सोललेले हात घेऊन, आणि डोक्यात एकच गोष्ट घेऊन: हे बाबांना दाखवायचं. पण संसारात, शाळेत राहून गेलं ते राहूनच गेलं.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी बाबा माझ्याशी बोलेनात. दुपारी जेवताना एकदम म्हणाले, "काहून वं, मले मंधात कायले ओढलं? आता चार लोकांत हसू होईन."

"तुमचं चित्र पडतं, बाबा. तुम्हाला काहीच नाही वाटत?"

ते भात कालवत राहिले. मग म्हणाले, "वाटते ना. माझं एकबी काम भिंतीवर राहिलं नाही. एकबी. पन वाटून काय करू? भिंतच खात असन तर?"

मग मी ताट बाजूला सारून त्यांना समजावलं. चुन्याचा दगड भट्टीत भाजला की त्याच्यातला वायू निघून जातो, कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकला की उकळतो, फुटतो, लोण्यासारखा मऊ होतो. ते लोणी वाळूत मिसळून भिंतीला लावलं की पाणी उडत जातं, आणि गेलेला तोच वायू तो चुना हवेतून परत ओढून घेतो. म्हणजे हळूहळू पुन्हा दगड होतो. आपण काय करायचं, तो ओला असतानाच त्याच्यावर रंग लावायचा. नुसत्या पाण्यात कालवलेला. आतलं चुन्याचं पाणी वर येतं, रंगाच्या कणांच्या भोवती जमतं आणि हवेने तिथेच दगड होतं. रंग त्यात अडकून जातो.

बाबांनी सगळं ऐकलं. "तेल नाही?"

"नाही."

"डिंक, सरस, काहीच नाही?"

"काहीच नाही. चुनाच धरतो."

"अजिंठ्यात असंच हाये का?"

"नाही बाबा, तिथे कोरड्या मातीच्या थरावर सरसातले रंग आहेत. ते वेगळं."

"हूं," म्हणाले. "तेल नाही, सरस नाही, अन् हे पोरगी म्हणते दगड होईन." पण हात धुऊन आले आणि चपला घातल्या. म्हणाले, "चाल, चुना पाहू कुठं भेटते."

आधी गच्ची दुरुस्त करा, ही माझी पहिली अट होती. पाणी आत येत राहिलं तर चुनाही काही करू शकत नाही, पाण्यासोबत खार वर येतो आणि चित्र आतून ढकलून देतो. कमिटीने कुरकुरत का होईना गच्चीचा जोड भरला, पन्हळ बदलली. मग गावच्या गवंडीभाऊने भिंतीवरचं सिमेंट विटांपर्यंत खरवडलं. त्या पोपड्यांत बाबांचे किती वर्षांचे थर निघाले. लाल, पिवळा, पुन्हा लाल. बाबा घमेलं भरभरून बाहेर नेत होते.

गवंडीभाऊ चांगला माणूस, पण सिमेंटवर त्याचा जीव. चुन्यात "मजबुतीले" पसाभर सिमेंट टाकू का, म्हणून तो दिवसातून एकदा विचारायचा. मी दिवसातून एकदा ओरडायची. चुना आम्ही पावसाळा संपताच विझवून टाकीत पाण्याखाली ठेवला होता, जितका मुरेल तितका चांगला. वाळू वैनगंगेची, माती निघून पाणी नितळ होईस्तोवर धुतलेली. विटा भिजवून जाड थर दिला, तो नीट आवळू, म्हणजे घट्ट धरू दिला. वरचा गुळगुळीत पातळ थर मात्र आधी द्यायचा नसतो. ज्या दिवशी जेवढं रंगवायचं, सकाळी तेवढ्याच जागेवर द्यायचा. हे बाबांच्या पचनी पडेना.

"अख्खी भिंत एका दिवशी लिंपून घे ना. मग आरामात रंगवू."

"आराम नाही याच्यात, बाबा. सकाळी लावलेला थर संध्याकाळी आपलं ऐकत नाही."

"मी आरामातच रंगवत आलो."

"म्हणूनच पडत आलं." हे बोलायला नको होतं. बाबा हसले मात्र. "जीभ आईवर गेली तुही," म्हणाले.

आधी अंगणात एका जुन्या फरशीवर तालीम केली. बाबांकडे त्यांच्या उमेदीच्या दिवसातला एक निळ्या भुकटीचा डबा होता, जपून ठेवलेला, मोराच्या गळ्यासारखा गर्द. त्याच निळ्याने त्यांनी कितीतरी दुकानांना नटवलं होतं. मी म्हटलं, सगळेच निळे चुन्याला सोसत नाहीत. त्यांनी ऐकलं नाही. ओल्या थरावर एक झकास पट्टा मारला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पट्टा गंजल्यासारखा तपकिरी. बाबा फरशीसमोर उकिडवे बसून राहिले. "खाल्ला यानं," म्हणाले, "सफाचट खाल्ला." मग त्यांनी डबा बंद करून माळ्यावर टाकला आणि चुन्याला चालणारी दुसरी निळी भुकटी मी नागपूरवरून मागवली. बाकी सगळी मातीच होती: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, दिव्याची काजळी, आणि पांढरा तर चुनाच.

त्या तालमीतच बाबांना एक गोष्ट कळली आणि ते खूष झाले. चित्राचा खाका भिंतीवर उतरवायची रीत तीच होती जी ते पाट्यांवर करायचे. कागदावर रेघ काढायची, रेघेवर सुईने भोकं पाडायची, कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्याच्यावर थापटायची. "हे तं मीच तुले शिकवलं," म्हणाले. होच की. तिथून पुढे ते माझे विद्यार्थी राहिले नाहीत.

थंडी पडली तशी मी शाळेतून रजा काढली आणि आम्ही सुरू केलं. उन्हाळ्यात आमच्या भागात हा थर रंगवेपर्यंत भाकरीसारखा भाजून निघाला असता. वरून खाली यायचं, म्हणजे ओघळ आला तरी झालेल्या कामावर येत नाही. पहिले दिवस झाडाची पानं आणि आभाळ. गवंडीभाऊ सकाळी थर द्यायचा, मी लाकडी थापीने गुळगुळीत करायची, आणि मग आम्ही तिघं वाट पाहायचो. बोट टेकवलं तर ओल लागली पाहिजे, पण ठसा उठला नाही पाहिजे. तेव्हा बाबा म्हणायचे, "चाल, बोलावून राहिली भिंत." मग बोलणं बंद. खोडरबर नाही, पुन्हा पुसणं नाही, चुकलं तर खरवडून नवा थर. ओला रंग गडद दिसायचा आणि सुकला की फिका व्हायचा, तो अंदाज धरून चालायचं. दुपार कलली की ब्रश अडखळायला लागायचा, भिंत पाणी गटागटा प्यायची. मी म्हणायची, "बस, बाबा." ते म्हणायचे, "एकच पान." मी थापी घेऊन मध्ये उभी राहायची. त्याच्यानंतर लावलेला रंग सुकल्यावर भुकटी होऊन हाताला येतो, गुरुजींनी मला बजावून सांगितलेलं. रंगवून झालेल्या भागाची कड सुरीने तिरपी कापायची, दुसऱ्या दिवशीचा थर तिथेच भिडवायचा. जोड पानाच्या कडेला, दंडाच्या रेघेला लपवायचा.

मग हाताचा दिवस आला. बुद्धांचा वर केलेला हात. बाबा पेज पिऊन आले होते, हातमोजे काढून ठेवले. चुन्याने बोटं फाटतात म्हणून मी रागावले तर म्हणाले, "मोज्यानं हात काढू काय वं, हात?" आणि त्यांनी तो काढला. तळव्याची एक रेघ, वर चार बोटं, अंगठा. मोठा ब्रश, गेरूत बुडवून, न थांबता. त्यांच्या हाताला एरवी कंप आहे, चहाची बशी वाजते. त्या दिवशी काही वाजलं नाही. मी त्यांची मुलगी, चित्रकलेची मास्तरीण, मी त्यांची कितीतरी चित्रं पाहिली आहेत. असा हात त्यांनी आयुष्यात कधी काढला नव्हता. गवंडीभाऊ म्हणाला, "बापा, हे तं हालून राहिलं!" बाबांनी खाली उतरून पाहिलं, परत पाहिलं, आणि मला म्हणाले, "आता मले भेव लागून राहिलं." मी हसले. मला वाटलं आनंदाने म्हणतात.

पुढचे चार-पाच दिवस माझ्या शाळेत परीक्षा होती, तेवढी रजा मोडली. मी जवाहरनगरला आले. परत गेले तर विहाराच्या दारातच मला वास आला. तेलाचा, गोडसर. पाटीवाल्याच्या घरात जन्मले मी, तो वास मला डोळे बांधले तरी ओळखता येईल. व्हार्निश!

धावत आत गेले. हातावर, नेमकं हातावर आणि मनगटापर्यंत, एक चकचकीत पिवळा थर. कडेला तो पांढुरका झाला होता, मधे बारीक फोड उठले होते. मी बोट लावलं, चिकट. फोडाखाली नखाने दाबलं तर आतला चुना अजून तसाच मऊ, ओला. मी मागे वळले. बाबा कमळांचे खाके घेऊन येत होते.

"बाबा, हे काय केलं?"

"व्हार्निश मारलं. पातळच मारलं." त्यांचा चेहरा माझ्याकडे पाहून बदलत गेला. "इतका चांगला हात आला होता. त्याले धूळ, हात लागू नये म्हणून. पाटीले शेवटचा हात व्हार्निशचाच रायते ना वं. काहून? चुकलं का?"

आणि मी त्यांच्यावर ओरडले. विहारात. "श्वास कोंडला तुम्ही त्याचा! त्याला हवा पाहिजे, हवाच तर त्याला दगड करते! तुम्ही त्याच्या तोंडावर झाकण घातलं! आतलं पाणी कुठं जाणार? एवढं समजावून सांगितलं, एवढं..." माझा आवाज फाटला. गवंडीभाऊ बाहेर निघून गेला. बाबा तिथेच उभे, हातात कागदाची गुंडाळी. ते म्हणाले, "निघन का ते?"

"नाही. खरवडलं तर रंगही सोबत येईल. तो अजून पक्का कुठे झालाय?"

ते भिंतीजवळ गेले. पाठ माझ्याकडे. मला वाटलं रडतात. मी जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवणार, तेवढ्यात त्यांनी गवंडीभाऊची लोखंडी करणी उचलली आणि स्वतः, आपल्या हाताने, त्या हातावर पहिला घाव घातला. अंगठा निघून आला. मग तळवा. मी "बाबा, थांबा" म्हणाले तर म्हणाले, "सर बाजूले, डोळ्यात जाईन." मनगटाच्या जोडापर्यंत त्यांनी सफाईने तोडलं, कड तिरपी ठेवली, बाकी थराला धक्का लावला नाही. मी फक्त उभी होते. ते वळून म्हणाले, "मी जपाले गेलो अन् जपून मारलं त्याले. चाल, पानी मार भिंतीले. उद्या पुन्हा काढू."

"तसा येईल?"

"तसा काहून यीन? दुसरा यीन."

दुसऱ्या दिवशी आला तो दुसराच. रेघ थोडी जाड, अंगठा किंचित वाकडा. मधे एकदा कंप आला आणि बाबा थांबले, ब्रश हवेत. मी बोलणार होते की खरवडू या, पुन्हा थर देऊ. ते म्हणाले, "नाही. असाच राहू दे. अंगठा माझाच हाये." खरंच, त्यांचाही अंगठा तसाच आहे, लहानपणी बैलबंडीच्या चाकात आलेला. दुपारी ब्रश अडखळला तसे ते आपणहून उतरले. त्या दिवशी मला "बस" म्हणावं लागलं नाही. नंतर त्यांनी घरी जाऊन व्हार्निशचा डबा शेजारच्या सुताराला देऊन टाकला, हे मला पुढे आईकडून कळलं.

खालच्या कमळवाल्या बाया आम्ही दोघांनी मिळून काढल्या. पौष सरता सरता भिंत पूर्ण झाली. मग फक्त दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि कोणाला हात लावू द्यायचा नाही. बाबा रोज जाऊन बसायचे. काही करायला नसायचं, तरी बसायचे. मला फोनवर सांगायचे, "आज आणखी उजळलं वं. झाडामागचं आभाळ पाहाण्यासारखं झालं." मी म्हणायची, "हात?" ते म्हणायचे, "हात हाये बाप्पा, कुठं जाते."

माघ पौर्णिमेला विहार भरला. पंचशील झालं, खीरदानाची तयारी मागे सुरू होती. सिस्टरबाई बोलल्याप्रमाणे खरंच पांढरं धुतलेलं फडकं घेऊन आल्या. इंजेक्शन देण्याआधी कापूस भिजवावा तसं त्यांनी ते तांब्यात भिजवलं, पिळलं. नियम सगळे पाळले होते, पण हाताचा नवा तुकडा सगळ्यात शेवटी झालेला नसला तरी सगळ्यात जास्त छळलेला होता. आणि त्यांनी नेमका तोच निवडला. स्टुलावर चढल्या, वाकड्या अंगठ्यावर फडकं ठेवलं आणि पुसलं. हलकं नाही, चांगलं दाबून. एकदा, दोनदा.

बाबा भिंतीकडे पाहत नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते.

सिस्टरबाईंनी फडकं उलगडून उजेडात धरलं. पांढरंच. त्यांनी ते उलटं करून पाहिलं. मग स्टुलावरूनच, तिथे अध्यक्षबाई काय बोलतात म्हणून सगळे माना वर करून असताना, त्या एकदम गावच्या साध्या बाईच्या आवाजात म्हणाल्या, "माय माय माय! हे तं भिंतच आहे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, माझ्या तोंडावर पदर होता.

सिस्टरबाई खाली उतरून बाबांसमोर आल्या. "भाऊ, टाइलवाल्याले नाही सांगते मी. पन एक सांगा, किती वर्षं टिकन हे?"

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, जणू उत्तर मला माहीत असावं. मी म्हटलं, पाणी आत येऊ दिलं नाही तर पिढ्या जातील. अजून तर आतून पक्कं व्हायचंच आहे, दर वर्षी थोडं थोडं होत राहील. बाबा ते ऐकून हसायला लागले. आधी हळूच, मग मोठ्याने, डोळ्यात पाणी येईस्तोवर, आणि शेजारचा माणूस त्यांचा दंड धरून विचारायला लागला, काय झालं, भाऊ, काय झालं?

"काही नाही," बाबा म्हणाले. "आजपावतर माझं हर एक चित्र माझ्या डोळ्यांदेखत गेलं. मी मागं राहत होतो. आता पाह्य, हे राहीन अन् मी जाईन. अशी बरोबर गोष्ट पहिल्यांदा झाली."

मी त्यांचा हात धरला. चुन्याने फाटलेला, खरखरीत, थरथरणारा. मला ओरडून रडावंसं वाटत होतं आणि मी रडले, भर विहारात, कोणाची पर्वा न करता. ते माझ्या डोक्यावर थापटत म्हणाले, "चूप वं, येडी. खीर थंडी होऊन राहिली."